प्रकल्प मध्येच थांबवला, हे टीमला कसं सांगावं: तयारीपासून शेवटच्या दिवसापर्यंत

प्रकल्प मध्येच बंद झाल्याची घोषणा म्हणजे एका ईमेलचं काम, असं बहुतेक टीमप्रमुखांना वाटतं. वरून निरोप येतो, प्रमुख दोन परिच्छेद लिहितो, शेवटी सर्वांच्या मेहनतीबद्दल आभार मानतो आणि पाठवून देतो. मग दिवसभर लोक एकमेकांना विचारत बसतात: नक्की झालं काय, आपलं काय होणार, आणि हातात घेतलेलं काम उद्या करायचं की नाही? ईमेलमध्ये या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नसतं, कारण बऱ्याचदा ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणून या लेखात लिहिण्याचा भाग सहाव्या पायरीला येतो. आधीच्या पाच पायऱ्यांची तयारी नीट झाली की संदेश अर्ध्या तासात लिहून होतो. वरिष्ठांनी निर्णय घेतलेला आहे आणि तो आपल्या टीमला सांगायची जबाबदारी ज्याच्यावर आली आहे, अशा टीमप्रमुखासाठी हे लिहिलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. गोदामातला साठा मोबाइलवरून मोजण्यासाठी एक ॲप तयार होत होतं. मुदत १२ महिन्यांची होती, सातव्या महिन्यात प्रकल्प थांबवला गेला. प्रमुख सोडून टीममध्ये ११ जण: ७ कायम कर्मचारी, २ कंत्राटी आणि २ दुसऱ्या विभागातून काही काळासाठी आलेले. दोन गोदामांत ॲपची चाचणी आवृत्ती रोज वापरात होती. आणि टीम ठरलेल्या वेळापत्रकाच्या दोन महिने मागे होती. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच सगळ्यात अवघड ठरते.

## पायरी १: निर्णय पूर्ण आहे का ते पाहा

व्यवस्थापन "प्रकल्प थांबवतोय" म्हणतं तेव्हा त्याचे निदान तीन अर्थ होऊ शकतात. कायमचा बंद. ठरावीक तारखेपर्यंत स्थगित. किंवा काम कमी करून, लहान टीमसह चालू. बोलताना तिन्हींसाठी "थांबवला" हाच शब्द वापरला जातो, त्यामुळे कोणता अर्थ आहे ते तोंडी ऐकून गृहीत धरू नका. बैठकीतून बाहेर पडल्यावर स्वतःच चार ओळी लिहून वरिष्ठांना पाठवा आणि "मी हे असं समजलो, बरोबर आहे ना?" असं विचारा. त्या चार ओळींत एवढं हवं: निर्णय कोणी घेतला, कोणत्या तारखेपासून लागू, कायमचा की स्थगित, आणि आवराआवरीला किती दिवस मिळणार.

इथे एक मोह टाळायचा असतो. बंद झालेल्या प्रकल्पाला "तूर्तास स्थगित" म्हटलं की बातमी मऊ वाटते. पण स्थगित म्हटल्यावर लोक मनातून काम सोडत नाहीत. कोणी घरी बसून राहिलेला भाग पूर्ण करतो, कोणी नवी जबाबदारी घ्यायला कचरतो, कारण "हे परत सुरू झालं तर?" पुन्हा सुरू करण्याची तारीख आणि अट दोन्ही ठरलेल्या असतील तरच स्थगित म्हणा. तारीख नाही, अट नाही, तर तो बंद आहे.

याच वेळी माणसांबद्दल विचारून घ्या, आणि नावानिशी विचारा. "टीमला सामावून घेऊ" हे उत्तर पुरेसं नाही. ११ नावांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे पुढचं काम, तारीख आणि कोणाशी बोलायचं ते लिहून घ्या. आपल्या उदाहरणात यादी अशी भरली गेली: कायम कर्मचाऱ्यांपैकी ५ जणांना नव्या साठा-प्रणालीच्या कामावर जागा, २ जणांचं अजून ठरलेलं नाही, पण १० कामाच्या दिवसांत ठरेल. कंत्राटी दोघांचे करार सूचनेच्या अटीनुसार संपणार. दुसऱ्या विभागातून आलेले दोघे आपल्या मूळ जागी परत.

तपासणी: यादीत एखाद्या नावापुढे जागा रिकामी असेल, तर तिथे निदान "कधीपर्यंत ठरेल आणि कोण ठरवेल" एवढं तरी भरलं आहे का? तेही नसेल तर घोषणेची तारीख एक-दोन दिवस पुढे ढकलायला सांगा. त्यापेक्षा जास्त ढकलू नका, तोवर बातमी बाहेर पडते.

इशारा: कोणाची नोकरी जाणार असेल तर ती बातमी टीमच्या घोषणेत द्यायची नसते. तिची कायदेशीर प्रक्रिया वेगळी असते, ती मनुष्यबळ विभागासोबत आणि त्या व्यक्तीशी एकांतात करावी लागते. तारखांचा क्रम त्यांच्याशी आधी जुळवून घ्या.

## पायरी २: खरं कारण दोन वाक्यांत उतरवा

आपल्या उदाहरणात व्यवस्थापनाने पाठवलेलं कारण असं होतं: "कंपनीच्या प्राधान्यक्रमांचा फेरविचार केल्यानंतर हा निर्णय घेण्यात आला आहे." या वाक्यात खोटं काही नाही, पण त्यातून कळतही काही नाही. असं वाक्य कोणत्याही प्रकल्पाला लावता येतं, आणि ऐकणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येतं. मग रिकाम्या जागेत ते आपलं कारण भरतात. दोन महिने मागे असलेली टीम कोणतं कारण भरेल ते सांगायला नको.

म्हणून कारण खोदून काढावं लागतं. प्रमुखाने वरिष्ठांना विचारलं, "प्रकल्प सुरू करताना आपण काय गृहीत धरलं होतं, आणि त्यातलं काय बदललं?" या एका प्रश्नाने उत्तर मिळालं. ॲप जुन्या साठा-प्रणालीला जोडून चालणार होतं आणि ती आणखी चार वर्षं राहील असं धरलं होतं. आता ती प्रणाली पुढच्या वर्षीच बदलायची ठरली आहे, आणि नव्या तयार प्रणालीत मोबाइलवरून साठा मोजण्याची सोय आधीच आहे. म्हणजे आपलं ॲप पूर्ण झालं असतं तरी जेमतेम वर्षभर चाललं असतं. हे कारण टीममधला कोणीही माणूस स्वतः तपासून पाहू शकतो. चांगल्या कारणाची हीच खूण.

प्रिन्स-टू या प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धतीत हेच तत्त्व म्हणून मांडलेलं आहे: प्रकल्प चालू ठेवायला व्यावसायिक कारण शेवटपर्यंत टिकून असलं पाहिजे, आणि ते संपलं तर प्रकल्प मुदतीआधी रीतसर बंद करायचा. टीमला तत्त्व सांगत बसू नका, पण कारण शोधताना ते हाताशी ठेवा. सुरुवातीचं कारण काय होतं, ते कधी आणि कशामुळे संपलं, एवढंच सांगायचं असतं.

आता उशिराचा प्रश्न. प्रमुखाने वरिष्ठांना सरळ विचारलं, "आम्ही वेळेत असतो तरी तुम्ही हा प्रकल्प थांबवला असता का?" हा प्रश्न विचारायला जड जातो, पण घोषणेआधी विचारायलाच हवा, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी तो तुम्हाला विचारणारच. उत्तर आलं, "हो, थांबवला असता." मग ते तसंच टीमला सांगता येतं.

उत्तर "नाही" आलं असतं तर? तेव्हाही लपवू नये. "उशीर झाला आणि वाढलेला खर्च पाहून पुढे जायचं नाही असं ठरलं" असं साधं वाक्य लोक पचवतात. मात्र उशिराचं खापर एखाद्या व्यक्तीवर किंवा गटावर फोडणारं एकही वाक्य घोषणेत नको. तो हिशेब मागाहून, वेगळ्या बैठकीत होतो.

काही कारणं सांगता येत नाहीत. चालू असलेल्या वाटाघाटी, ग्राहकाशी झालेला गोपनीय करार, कोणाची तरी वैयक्तिक बाब. तिथे गोल वाक्य रचण्यापेक्षा "याचा एक भाग आज मला सांगता येत नाही" असं म्हणा. ते अर्धवट वाटतं खरं, पण पुढे खरं बाहेर आलं तर तुमचा शब्द टिकतो.

तपासणी: तुमची दोन वाक्यं दुसऱ्या एखाद्या बंद झालेल्या प्रकल्पाला जशीच्या तशी लागू पडतात का? पडत असतील तर अजून खोदा.

## पायरी ३: बातमी कुठून फुटू शकते ते शोधा

बातमी फुटते ती कोणाच्या तोंडून, असं आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात ती जास्त वेळा यंत्रणेतून फुटते. माझा एक प्रकल्प बंद झाला तेव्हा घोषणा सोमवारी व्हायची होती. कोणीतरी खर्च वाचवायला चाचणीचा सर्व्हर शुक्रवारी रात्रीच बंद केला. शनिवारी एका मुलीने काही तपासायला तो उघडून पाहिला, चालेना म्हणून तक्रार नोंदवली, आणि तिला उत्तर आलं: "प्रकल्प बंद झाल्यामुळे सेवा थांबवली आहे." सोमवारी मी बोलायला उभा राहिलो तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं. मला माहीत होतं ते मी दोन दिवस लपवलं, एवढंच त्यांना दिसलं.

तेव्हापासून घोषणेआधी मी या जागा पाहतो. कॅलेंडरवरच्या पुढच्या बैठका कोणी रद्द केल्या आहेत का, कारण रद्द झाल्याची सूचना सगळ्यांना आपोआप जाते. लेखा विभागाने प्रकल्पाचा खर्च-संकेतांक बंद केला आहे का, कारण मग कोणाची तरी खरेदीची विनंती नाकारली जाते आणि तिथे कारण लिहिलेलं असतं. भरतीची जाहिरात मागे घेतली आहे का. सर्व्हर, परवाने, प्रवेशाचे अधिकार कोणी काढायला घेतले आहेत का. या चारही ठिकाणच्या माणसांना घोषणेची वेळ कळवून ठेवा आणि "त्याआधी काहीही बंद करू नका" असं स्पष्ट सांगा.

इशारा: मीटिंगचं आमंत्रण पाठवताना "साप्ताहिक आढावा" असं खोटं शीर्षक देऊ नका. आदल्या दिवशी "तातडीची बैठक" असंही पाठवू नका, रात्रभर लोकांची झोप जाते. त्याच दिवशी सकाळी "प्रकल्पाबाबत महत्त्वाची बैठक, ११ वाजता" एवढं पुरे.

## पायरी ४: आधी कोणाला, मग कोणाला

नियम साधा आहे: ज्याचं सगळ्यात जास्त काही हलणार आहे, त्याला आधी आणि एकट्याला. सगळ्यांसमोर बसून स्वतःची जागा गेल्याचं ऐकायची वेळ कोणावरही येऊ नये. पण पहिल्याला सांगितल्यापासून शेवटच्याला कळेपर्यंतचा वेळ शक्य तितका कमी हवा, कारण तेवढा वेळ पहिल्या माणसाला ते ओझं एकट्याने सांभाळावं लागतं.

आपल्या उदाहरणात दिवस बुधवारचा निवडला. शुक्रवार संध्याकाळ टाळायची, कारण मग दोन दिवस विचारायला कोणी समोर नसतं. वेळापत्रक असं बसलं:

* आदल्या दिवशी संध्याकाळी: परत जाणाऱ्या दोघांच्या मूळ विभागप्रमुखांना फोन आणि कंत्राट हाताळणाऱ्या माणसाशी बोलणं.
* ९:३०: टीमच्या तांत्रिक प्रमुखाला. लोक तुमच्यानंतर त्याच्याकडेच जाणार असतात.
* ९:४५ ते १०:४५: पुढचं न ठरलेले २ कायम कर्मचारी आणि २ कंत्राटी, प्रत्येकी १५ मिनिटं, एकेकटे.
* १०:४५: रजेवर असलेल्या एका सदस्याला फोन.
* ११:००: पूर्ण टीमची बैठक, ३० मिनिटं.
* ११:३५: लेखी संदेश टीमला.
* १२:००: संबंधित इतर विभागांना छोटा निरोप.
* दुपारी: दोन्ही चाचणी गोदामांच्या प्रमुखांना फोन.

रजेवरच्या माणसाचा फोन लोक हमखास विसरतात. "आल्यावर सांगू" असं ठरतं आणि त्याला ते टीमच्या ग्रुपवरच्या हळहळीतून कळतं. फोन पाच मिनिटांचा असतो. लागला नाही तर "११ च्या आधी तुझ्याशी बोलायचं आहे" एवढाच निरोप ठेवा, बातमी निरोपात लिहू नका.

एकेकट्याशी बोलताना त्यांना ११ वाजेपर्यंत कोणाशी बोलू नका अशी विनंती करता येते. दिवसभर गप्प राहा असं मात्र सांगू नका. ते जमत नाही, आणि जमलं नाही म्हणून त्यांना उगाच अपराधी वाटतं.

## पायरी ५: बैठकीतली पहिली तीन मिनिटं

लोक खोलीत आल्याबरोबर तुमचा चेहरा वाचतात. तेव्हा आधी प्रवासाचा आढावा, मग बाजारातली परिस्थिती, मग "काही कठीण निर्णय घ्यावे लागतात" अशी चढण चढू नका. पहिलंच वाक्य निर्णयाचं हवं:

"आपला साठा-मोजणी प्रकल्प आजपासून बंद करायचा निर्णय झाला आहे. तो स्थगित नाही, बंद आहे."

मग थांबा. पाच-सहा सेकंद खूप लांब वाटतात, पण त्यात भर घालू नका. यानंतर पायरी २ मधली दोन वाक्यं, त्यानंतर लगेच माणसांचं काय होणार, आणि शेवटी पुढचे दहा दिवस. क्रम बदलू नका. आपलं काय होणार हे कळेपर्यंत बाकीचं कोणाच्या कानात शिरत नाही.

मराठीत बोलताना एक सवय आड येते. "निर्णय घेण्यात आला आहे", "प्रकल्प बंद करण्यात येत आहे" अशी वाक्यं आपल्या तोंडात बसलेली आहेत, आणि त्यांत निर्णय घेणारा माणूसच नसतो. "संचालकांनी आणि वित्त विभागाने मिळून गेल्या आठवड्यात हे ठरवलं" असं म्हणा. विचारायचं असेल तर कोणाला विचारायचं, हे त्यातून कळतं.

तुमची स्वतःची जागा कुठे, हाही प्रश्न येतो. दोन टोकं टाळा. "वरच्यांनी ठरवलं, मी काय करणार" असं म्हटलं की त्या क्षणी बरं वाटतं, पण उद्या याच लोकांकडून आवराआवरी करून घ्यायची असते आणि तुम्ही स्वतःलाच बाजूला काढलेलं असतं. उलट, निर्णय पटलेला नसताना फार योग्य झालं असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. मधली वाट खरी असते: "निर्णय माझा नाही. पुढच्या तीन महिन्यांचं काम तरी पूर्ण करू द्या असं मी सुचवलं होतं, ते मान्य झालं नाही. कारण मला समजलं आहे, आणि पुढची जबाबदारी माझी आहे." हे तुम्ही खरंच सुचवलं असेल तरच म्हणायचं, हे वेगळं सांगायला नको.

इशारा: "यातून आपल्याला नवी संधी मिळते आहे" हे वाक्य त्या दिवशी नको. ज्या दोघांचं ठरलेलं नाही, ते समोर बसलेले असतात.

## पायरी ६: लेखी संदेश

बैठकीत ऐकलेलं अर्धं लक्षात राहत नाही, म्हणून संदेश पाच-दहा मिनिटांत पोचला पाहिजे. तो आदल्या दिवशीच लिहून, वरिष्ठांना आणि मनुष्यबळ विभागाला दाखवून तयार ठेवा. बैठकीत सांगितलेल्यापेक्षा वेगळं काही त्यात असता कामा नये. लोक दोन्ही शब्दशः ताडून पाहतात.

नेहमी दिसणारा मसुदा असा असतो:

> सर्वांना कळवण्यात येते की, प्राधान्यक्रमांच्या फेरविचारानंतर साठा-मोजणी प्रकल्प तूर्तास थांबवण्यात येत आहे. आपण सर्वांनी घेतलेल्या अथक परिश्रमांबद्दल मनःपूर्वक आभार. पुढील सूचना यथावकाश देण्यात येतील.

"तूर्तास" खोटं आहे, कारण रिकामं आहे, आणि "यथावकाश" म्हणजे कधी ते कोणालाच माहीत नाही. आता तोच संदेश वर केलेल्या तयारीच्या आधारे:

> विषय: साठा-मोजणी प्रकल्प आजपासून बंद, कारण आणि पुढचे १० दिवस
>
> सर्वांना नमस्कार,
>
> सकाळी बोललो ते लेखी देत आहे. साठा-मोजणी ॲपचा प्रकल्प आजपासून बंद होत आहे. हा निर्णय संचालकांनी आणि वित्त विभागाने गेल्या आठवड्यात घेतला. प्रकल्प पुन्हा सुरू होणार नाही.
>
> कारण: आपलं ॲप जुन्या साठा-प्रणालीला जोडून चालणार होतं आणि ती आणखी चार वर्षं राहील असं आपण धरलं होतं. ती आता पुढच्या वर्षी बदलणार आहे आणि नव्या प्रणालीत मोबाइलवरून मोजणीची सोय आहे. आपल्याला झालेला उशीर हे या निर्णयाचं कारण नाही. मी हे स्पष्ट विचारून घेतलं आहे.
>
> आपल्यापैकी प्रत्येकाचं पुढे काय: ज्यांचं नवं काम ठरलं आहे त्यांना ते आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडून व्यक्तिशः लेखी मिळेल. ज्यांचं ठरायचं आहे त्यांच्याशी मी सकाळी बोललो आहे. त्यांना १० कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल.
>
> उद्यापासून काम: नवीन काही बनवायचं नाही. चाचणी गोदामांतलं ॲप आणखी १० कामाचे दिवस चालू राहील. कोणती कामं पूर्ण करायची आणि कोणती सोडायची याची यादी उद्या १० वाजता एकत्र बसून करू.
>
> प्रश्न: आज ३ ते ५ मी मोकळा आहे, या किंवा फोन करा. आज ज्याचं उत्तर देता आलं नाही ते शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्यांना लेखी देईन.
>
> बाहेर कोणी विचारलं तर "प्रकल्प बंद झाला आहे, तपशिलासाठी आमच्या प्रमुखांशी बोला" एवढं सांगा.

यात आभाराचं वाक्य मुद्दाम घातलेलं नाही. सगळ्यांचे एकगठ्ठा आभार त्या दिवशी कोरडे लागतात. त्यांची खरी जागा पायरी ८ मध्ये आहे. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांची नावंही संदेशात नाहीत, कारण असे संदेश पुढे पाठवले जातात.

तपासणी: संदेशातला "लवकरच", "यथावकाश", "योग्य वेळी" हा प्रत्येक शब्द काढून तिथे तारीख घातली आहे का?

## पायरी ७: प्रश्न आणि न आलेले प्रश्न

बैठकीत बहुधा शांतता असते. तिचा अर्थ सगळ्यांना समजलं असा लावू नका. खरे प्रश्न दुपारनंतर, दोघा-तिघांच्या घोळक्यात येतात. म्हणूनच ३ ते ५ ही वेळ मोकळी ठेवली आहे, आणि ती खरोखर मोकळी ठेवा. त्या दिवशी दुसऱ्या बैठकांना गेलात तर लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

एक प्रश्न जवळपास नेहमी येतो: "सात महिने आणि एवढा पैसा गेला, मग पूर्णच का नाही करत?" इथे वादात शिरू नका. गेलेला खर्च प्रकल्प चालू ठेवला तरी परत येत नाही, तेव्हा तोलायचं असतं ते फक्त उरलेलं पाच महिन्यांचं, म्हणजे उशीर धरून सात महिन्यांचं काम, आणि त्या बदल्यात मिळणारं जेमतेम वर्षभराचं आयुष्य. हा हिशेब शांतपणे मांडला की प्रश्न विचारणाराही बहुतेक वेळा मान हलवतो. राग मात्र लगेच जात नाही, आणि तो घालवणं तुमचं त्या दिवसाचं कामही नाही.

"मला माहीत नाही" हे उत्तर चालतं, फक्त त्याला शेपूट हवं: कोणाला विचारणार आणि कधी सांगणार. असे प्रश्न त्यांच्यासमोरच लिहून घ्या.

## पायरी ८: पहिले दहा दिवस

दुसऱ्या दिवशीची १० वाजताची बैठक टाळू नका. प्रकल्प गेला पण यादीतली कामं तशीच उघडी आहेत, ही अवस्था टीमला सगळ्यात जास्त पोखरते. आपल्या उदाहरणात ४३ कामं उघडी होती. त्यातली ६ पूर्ण करायची ठरली, तीही एकाच निकषावर: न केल्यास चाचणी गोदामांतली मोजणी चुकेल किंवा पुढच्या टीमचं अडेल. उरलेली ३७ प्रत्येकी एक ओळ लिहून बंद केली. "जवळजवळ झालंच आहे" म्हणून कोणी सातवं काम पुढे केलं तर निकष दाखवा.

दुसरं, काय जपायचं ते ठरवा. वस्तूंचे बारकोड आणि गोदामातल्या जागा यांची मेळ घातलेली यादी नव्या प्रणालीला लागणारच होती, ती नावानिशी एका माणसाकडे सोपवली. प्रोग्रामचं भांडार पुसलं नाही, फक्त वाचता येईल असं करून ठेवलं आणि त्यात एका पानावर लिहिलं की काम कुठपर्यंत आलं, काय चालतं, काय चालत नाही. चाचणी गोदामांना त्यांची आतापर्यंतची मोजणी फाइलमध्ये काढून दिली आणि कोणत्या दिवसापासून जुन्या पद्धतीने मोजायचं ते लेखी कळवलं. मोजणीचे स्कॅनर परत घेतले. आपोआप नूतनीकरण होणारे परवाने शोधले. ते राहून गेले तर मेलेल्या प्रकल्पाचं बिल वर्षभर येत राहतं.

इशारा: लोकांचे प्रवेशाचे अधिकार सगळ्यात शेवटी काढा. आवराआवरी त्यांनीच करायची आहे, आणि सकाळी पासवर्ड न चालणं म्हणजे आपल्याला हाकललं, असाच अर्थ घेतला जातो. सुरक्षेच्या कारणाने लवकर काढावे लागत असतील तर आदल्या दिवशी तोंडी सांगा.

तिसरं काम फक्त तुमचं. पहिल्या आठवड्यातच ११ जणांपैकी प्रत्येकाने काय केलं ते चार-पाच ओळींत लिहून त्यांना आणि त्यांच्या पुढच्या वरिष्ठांना द्या. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी बंद प्रकल्पातलं काम कोणाच्याच खात्यात दिसत नाही, कारण दाखवायला तयार वस्तू नसते. "गोदामात नेटवर्क गेलं तरी मोजणी हरवू नये याची रचना हिने केली" असं एक वाक्य नावासकट लिहिलेलं असलं तर ते टिकतं. कंत्राटी दोघांनाही द्या, त्यांना पुढचं काम मिळवायला ते लागतं. आभार मानायचे ते इथे.

काय शिकलो याची बैठक याच आठवड्यात उरकून घेण्याची घाई काही जण करतात. मी ती दोन-तीन आठवड्यांनी ठेवतो. पहिल्या आठवड्यात तिचं रूपांतर उशीर कोणामुळे झाला या भांडणात होतं.

दहाव्या दिवशी ज्या दोघांचं ठरायचं होतं त्यांच्याकडे जा, उत्तर आलेलं असो वा नसो. आपल्या उदाहरणात एकाला जागा मिळाली होती, दुसरीचं वरिष्ठांकडे अडलं होतं. तिला त्या दिवशी एवढंच सांगता आलं: "अजून ठरलेलं नाही, सोमवारी ११ वाजता मी त्यांना भेटतो आहे, १२ वाजता तुला फोन करतो." सोमवारी १२ वाजता तो फोन गेला.